मोठ्या क्रियापदांतला साका : औपचारिक इंग्रजी पत्र साधे आणि तरीही भारदस्त कसे ठेवावे

मे महिन्याच्या मध्यावर पावसकडचे एक आंबा बागायतदार माझ्याकडे इंग्रजी पत्राचा मसुदा घेऊन आले. रत्नागिरीत मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले असल्यामुळे हंगामात अशी पत्रे तपासायला येतात. परदेशातील एका खरेदीदाराला त्यांनी 240 पेट्या पाठवल्या होत्या, त्यांपैकी 36 पेट्यांतील फळे काळी पडल्याची तक्रार आली होती आणि तिला उत्तर द्यायचे होते. मसुदा मुंबईत शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याने लिहिला होता आणि त्यात व्याकरणाची म्हणावी अशी चूक नव्हती. तो वाचून मी एवढेच विचारले, “भाऊ, तुम्ही त्यांना फळ बदलून देणार आहात का?” ते म्हणाले, “देणार ना, सर. तसंच लिहिलंय ना त्यात?”

तसे लिहिलेले नव्हते. बोलणाऱ्याला एक म्हणायचे होते आणि कागद दुसरेच सांगत होता. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी तो मसुदा जवळून पाहू.

## मसुद्यात काय होते

तो मजकूर असा होता : “विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड 12 मे, वुई हॅव टू इंटिमेट यू दॅट, ड्यू टू द फॅक्ट दॅट द इन्स्पेक्शन ऑफ द कन्साइनमेंट वॉज इफेक्टेड सबसिक्वंट टू इट्स अरायव्हल ॲट युवर प्रिमायसेस, वुई आर नॉट इन अ पोझिशन टू असर्टेन द कॉज. हाउएव्हर, इन द इव्हेंट दॅट फोटोग्राफ्स आर मेड अव्हेलेबल, वुई शॅल एन्डेव्हर टू फॅसिलिटेट द रिप्लेसमेंट ऑफ सेम.”

हे एकसष्ट शब्द आहेत. शेवटच्या वाक्याचा शब्दशः अर्थ लावला तर तो असा निघतो : छायाचित्रे उपलब्ध करून दिली गेली, तर ‘त्याच्या’ बदलीचे काम सुकर व्हावे यासाठी आम्ही प्रयत्न करू. आम्ही फळ बदलून देऊ, असे यात कुठेही म्हटलेले नाही. ‘एन्डेव्हर’ म्हणजे प्रयत्न करणे आणि ‘फॅसिलिटेट’ म्हणजे एखादे काम दुसऱ्याला सोपे जाईल असे पाहणे. ही दोन क्रियापदे एकापुढे एक आल्यामुळे लिहिणारा आपल्या वचनापासून दोन पावले मागे सरकला आहे. खरेदीदाराच्या कार्यालयातील अनुभवी माणूस हे वाचून एवढेच समजेल की समोरच्याला जबाबदारी टाळायची आहे.

हापूस पिकवणाऱ्याला साका सांगावा लागत नाही. वरून फळ देखणे, सोनेरी, डाग नसलेले असते. कापले की आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर निघतो. साका वरून ओळखता येत नाही, फळ कापावेच लागते. इंग्रजी पत्रातील फुगीर क्रियापदांचेही तसेच असते. ‘फॅसिलिटेट’ वरून भरीव दिसते. ते कापायचे म्हणजे त्याला विचारायचे की कोणी, काय आणि किती करायचे आहे. उत्तर मिळाले नाही, तर आत साका आहे असे समजावे.

## फुगीर शब्द इतका भारदस्त का वाटतो

याचे कारण इंग्रजी भाषेच्या इतिहासात आहे. 1066 मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घ काळ दरबार आणि न्यायालये फ्रेंचमध्ये चालली, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये राहिली आणि इंग्रजी ही शेतात व स्वयंपाकघरात बोलायची भाषा उरली. त्यामुळे एकाच क्रियेसाठी इंग्रजीत बहुधा दोन शब्द सापडतात. ‘बिगिन’ हा मूळचा इंग्रजी, तर ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आलेला. तीच गोष्ट ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’ यांची. परके शब्द सत्तेबरोबर आल्यामुळे त्यांना सत्तेचा वास राहिला आणि आपण इंग्रजी शिकलो ते मुख्यतः कचेरीच्या कागदांतून, म्हणून तो वास आपल्याला अधिक जाणवतो.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. ‘पाहणी केली’ या दोन शब्दांचे ‘पाहणी करण्यात आलेली आहे’ होते, तेव्हा वाक्याला सरकारी वजन येते, पण पाहणी तलाठ्याने केली की कृषी सहायकाने, हे त्या वजनाखाली गाडले जाते. बागायतदार मग त्या कागदावरून कोणाकडे जायचे हे शोधत फिरतो.

## मग साधे म्हणजे घरगुती लिहायचे का?

सर्वाधिक गैरसमज येथे होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. भाषेची पातळी, म्हणजे प्रसंगाला साजेसा भाषेचा सूर, हा शब्दाच्या लांबीवर ठरतो असे आपण गृहीत धरतो आणि त्यामुळे आपल्याला दोनच टोके दिसतात. प्रत्यक्षात पायऱ्या तीन असतात. मराठीत ‘भोजन ग्रहण करणे’, ‘जेवणे’ आणि ‘हादडणे’ असे तीन शब्दप्रयोग आहेत. निमंत्रणपत्रिकेत ‘हादडायला या’ असे कोणी लिहिणार नाही. मात्र ‘जेवायला यावे’ असे लिहिले, तर त्यात मान तसूभरही कमी होत नाही, कारण तो मान ‘यावे’ या रूपात आहे.

इंग्रजीतही अशीच मधली पायरी असते आणि आपल्याला तीच हवी असते. ‘कमेन्स’ ही वरची पायरी, ‘किक ऑफ’ ही खालची, आणि ‘बिगिन’ मधली. ‘रेक्टिफाय’ आणि ‘सॉर्ट आउट’ यांच्यामध्ये ‘करेक्ट’ आहे. ‘असर्टेन’ वर आहे आणि ‘फाइंड आउट’ खाली. मध्ये ‘डिटरमिन’ किंवा ‘एस्टॅब्लिश’ आहे. या शेवटच्या उदाहरणातील मधले शब्द मुळीच आखूड नाहीत. सर्वांत लहान शब्द शोधणे हा येथे हेतू नसून त्या जागी नेमके काय घडले ते सांगणारा आणि कचेरीत सहज चालणारा शब्द शोधायचा असतो. खालच्या पायरीवर बहुधा असे जोडीचे शब्द असतात, ज्यांत साध्या क्रियापदाला ‘आउट’, ‘अप’ किंवा ‘ऑफ’ चिकटलेले असते. असे सगळेच शब्द वर्ज्य नाहीत. ‘कॅरी आउट’ औपचारिक पत्रात चालते. परंतु फुगीर शब्द काढताना हात त्यांच्याकडेच आधी जातो आणि पत्र एकदम गप्पांच्या सुरात येते. त्यामुळे बदल करून झाल्यावर अशा जोड्या पुन्हा तपासाव्यात.

पत्राची औपचारिकता सांभाळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. ‘कान्ट’ असे आखडलेले रूप न वापरता ‘कॅनॉट’ लिहिणे, पूर्ण वाक्ये, योग्य संबोधन, तारीख आणि संदर्भ बिनचूक देणे, ‘वुई रिग्रेट’ किंवा ‘वुई वुड बी ग्रेटफुल इफ’ अशी सौजन्याची वाक्ये योग्य जागी ठेवणे, यांतून पत्राचा सूर ठरतो. हे सगळे जागेवर असले, तर ‘युटिलाइझ’ऐवजी ‘यूज’ लिहिल्याने कोणाचाही अवमान होत नाही.

## क्रियापद नामात लपते तेव्हा

मसुद्यात ‘द इन्स्पेक्शन वॉज इफेक्टेड’ असे होते. येथे खरी क्रिया ‘तपासणे’ ही आहे, पण तिचे नाम झाले आहे आणि वाक्य चालवण्यासाठी ‘इफेक्ट’ हे पोकळ क्रियापद उसने आणावे लागले आहे. ‘गिव्ह कन्सिडरेशन टू’, ‘मेक पेमेंट ऑफ’, ‘टेक अ डिसिजन’ हे सगळे याच घरातले आहेत. त्यांच्या जागी ‘कन्सिडर’, ‘पे’ आणि ‘डिसाइड’ बसतात. शब्द वाचतात हा यातला किरकोळ लाभ आहे. मोठा लाभ असा की क्रियापद मोकळे झाले की त्याला कर्ता द्यावाच लागतो.

मी त्या बागायतदारांना विचारले, फळे तपासली कोणी? ते म्हणाले, “त्यांच्याच गोदामातल्या लोकांनी.” केव्हा? “माल पोचल्यावर दोन दिवसांनी.” हे दोन दिवस या प्रकरणात कळीचे होते, कारण त्या काळात फळे कोणत्या तापमानात राहिली हे येथे बसून कळणे शक्य नव्हते. बागायतदाराच्या बाजूची सर्वांत बळकट गोष्ट तीच होती आणि नेमकी तीच ‘वॉज इफेक्टेड सबसिक्वंट टू’च्या आत नाहीशी झाली होती.

## लांब जोडशब्द काय लपवतात

दोन विधानांतील नाते सांगणाऱ्या शब्दाला किंवा शब्दसमूहाला येथे जोडशब्द म्हणू. ही नाती मोजकीच असतात : कारण, अट, हेतू, वेळेचा क्रम आणि विरोध. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘टू’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि ‘ऑल्दो’ असे सरळ शब्द आहेत. पत्रांत मात्र ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’, ‘इन द इव्हेंट दॅट’, ‘इन ऑर्डर टू’, ‘प्रायर टू’, ‘सबसिक्वंट टू’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग द फॅक्ट दॅट’ दिसतात. बहुतेक ठिकाणी सरळ शब्द ठेवला तर अर्थात काडीचाही फरक पडत नाही आणि सूर औपचारिकच राहतो, कारण ‘बिकॉज’ आणि ‘इफ’ हे न्यायालयाच्या निकालपत्रातही चालणारे शब्द आहेत.

काही ठिकाणी मात्र लांब रूपामुळे अर्थच घसरतो. ‘सबसिक्वंट टू’ म्हणजे ‘नंतर’. त्याच्या शेजारचा ‘कॉन्सिक्वंट’ म्हणजे ‘परिणामी’. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि घाईत लिहिणारे अनेकजण पहिला लिहून दुसरा अर्थ मनात धरतात. तक्रारीच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो : फळे तपासणीनंतर काळी दिसली आणि फळे तपासणीमुळे काळी पडली, ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. ‘आफ्टर’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांची अशी गल्लत होत नाही.

दुसरा प्रकार ‘ड्यू टू नॉन-रिसीट ऑफ डॉक्युमेंट्स’ यासारखा. येथे जोडशब्दापुढे नुसते नाम आले आहे, त्यामुळे कागद कोणाला मिळाले नाहीत आणि कोणी द्यायचे होते, हे दोन्ही गुलदस्त्यात राहते. ‘बिकॉज’ वापरायचे ठरवले की पुढे पूर्ण वाक्य लागते, ‘बिकॉज वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द इन्व्हॉइस फ्रॉम युवर ऑफिस’, आणि मग पत्र मिळालेल्या माणसाला आपल्या टेबलावरचे काय राहिले आहे ते लगेच कळते.

‘विथ रिगार्ड टू’ची अडचण याहून वेगळी आहे. त्यात कोणतेच नाते सांगितलेले नसते. ‘बद्दल’, ‘साठी’, ‘पैकी’, ‘विरुद्ध’ यांपैकी काहीही त्यातून निघू शकते. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने आधी स्वतःला काय म्हणायचे आहे ते ठरवावे. शब्द आपोआप सुचतो.

## आखूड केले की नेमके होतेच का?

नाही, आणि ही हरकत रास्त आहे. ‘बिकॉज’ टाळून कोणी ‘सिन्स’ लिहिले, तर ते ‘कारण’ही होते आणि ‘तेव्हापासून’ही. ‘सिन्स द शिपमेंट वॉज डिलेड, वुई हॅव लॉस्ट टू ऑर्डर्स’ या वाक्यात ऑर्डर विलंबामुळे गेल्या की विलंबानंतर गेल्या, हे सांगता येत नाही. कारण सांगायचे असेल तर ‘बिकॉज’च लिहावे, मग ते दोन अक्षरांनी मोठे का असेना.

‘इन ऑर्डर टू’ हेही नेहमी कापता येत नाही. ‘वुई आस्क्ड द एजंट इन ऑर्डर टू अव्हॉइड डिले’ म्हणजे विलंब टळावा म्हणून आम्ही एजंटला विचारले. त्यातले ‘इन ऑर्डर’ काढले, तर उरते ‘वुई आस्क्ड द एजंट टू अव्हॉइड डिले’, म्हणजे आम्ही एजंटला विलंब करू नका असे सांगितले. जेथे मागच्या क्रियापदालाच ‘टू’ ओढून घेण्याची सवय असते, तेथे लांब रूप ठेवावे. वाक्य मोठ्याने वाचले तर हा घोटाळा कानाला कळतो.

## कायद्याच्या शब्दांचे काय?

करारातील शब्दांना हात लावण्याआधी थांबावे. ‘टर्मिनेट’ हा पत्रात बहुधा फुगीर शब्द असतो, ‘एन्ड’ पुरते. करारात मात्र ‘टर्मिनेट’ म्हणजे मुदत संपण्याआधी एका बाजूने करार संपवणे आणि ‘एक्स्पायर’ म्हणजे मुदत भरून तो आपोआप संपणे. दोन्हींच्या जागी ‘एन्ड’ घातले, तर भरपाई कोणत्या प्रसंगी द्यायची हा प्रश्न अर्धवट राहतो. ‘इंडेम्निफाय’ किंवा ‘विदाउट प्रेज्युडिस’ हेही असेच शब्द आहेत, ज्यांना ठरलेला कायदेशीर अर्थ आहे. ‘कन्साइनमेंट’ हा व्यापाराचा शब्द आहे, तोही फुगीर नाही. खूण सोपी आहे : शब्द बदलल्यावर कोणाचे हक्क किंवा देणे बदलत असेल, तर शब्द ठेवावा आणि वकिलाला विचारावे. काहीच बदलत नसेल, तर तो शब्द केवळ शोभेचा होता.

भारतातल्या पत्रव्यवहारात आणखी एक धोका आहे. आपण ‘इंटिमेट’ म्हणजे कळवणे आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणे असे धरतो. इंग्लंडमधल्या वाचकासाठी पहिल्याचा अर्थ आडून सुचवणे आणि दुसऱ्याचा पूर्वस्थितीला परतणे असा आहे. ‘इन्फॉर्म’ आणि ‘रिप्लाय’ सगळीकडे सारखेच समजतात. ‘डू द नीडफुल’ लिहिण्यापेक्षा काय करावे ते लिहावे.

## वरिष्ठांना हे हलके वाटणार नाही का?

बागायतदारांनीही मला हेच विचारले. “सर, हे वाचून ते म्हणतील, ह्याला इंग्रजी येत नाही.” ही भीती मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि तिच्यामागची बोच मला समजते. म्हणून दोन दाखले देतो. अमेरिकेतील शेअरबाजाराच्या नियामक संस्थेने 1998 मध्ये असा नियम केला की भांडवल उभारणाऱ्या कंपनीने माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ, सारांश आणि जोखमीचा भाग साध्या इंग्रजीत लिहावा : वाक्ये आखूड, शब्द रोजचे आणि कर्ता स्पष्ट. 2010 मध्ये त्याच देशाने केंद्रीय सरकारी कार्यालयांनी नागरिकांसाठी स्पष्ट भाषेत लिहावे असा कायदा केला. कोट्यवधींच्या गुंतवणुकीचे कागद आणि सरकारी पत्रे यांहून औपचारिक लेखन क्वचितच असेल.

आपल्याकडच्या एखाद्या साहेबांना जुने वळण आवडते, हेही मी नाकारत नाही. तेव्हा पत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची रीत त्यांच्या पसंतीची ठेवावी. मधला परिच्छेद, ज्यावर काम व्हायचे आहे, तो मात्र साधाच असावा.

## ते पत्र शेवटी कसे झाले

आम्ही ओसरीवर बसून मसुदा पुन्हा लिहिला. “थँक यू फॉर युवर लेटर ऑफ 12 मे. बिकॉज युवर स्टाफ इन्स्पेक्टेड द फ्रूट टू डेज आफ्टर इट रीच्ड यू, वुई कॅनॉट डिटरमिन द कॉज फ्रॉम हिअर. इफ यू सेंड अस फोटोग्राफ्स ऑफ द 36 बॉक्सेस बाय 20 मे, वुई विल रिप्लेस देम ॲट अवर ओन कॉस्ट.”

एकसष्टचे सत्तेचाळीस शब्द झाले आणि त्यात पूर्वी नसलेल्या चार गोष्टी आल्या : तपासणी कोणी व केव्हा केली, पेट्या किती, मुदत कोणती आणि खर्च कोणाचा. ‘सेम’ या शब्दाच्या जागी ‘देम’ आले, तेही ज्या पेट्यांचा उल्लेख त्याच वाक्यात आधी झाला आहे त्यांच्यासाठी.

‘ॲट अवर ओन कॉस्ट’ हे शब्द मी विचारण्यापुरतेच लिहिले होते. ते वाचल्यावर बागायतदार बराच वेळ गप्प बसले. ‘फॅसिलिटेट’ असताना हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. विमानाचे भाडे पुन्हा भरून 36 पेट्या पाठवायच्या, तर त्या फळांतून काहीच हाती लागत नव्हते. भावाशी बोलतो असे सांगून ते कागद घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले तेव्हा शेवटच्या वाक्यात त्यांनी स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने बदल केला होता. ‘रिप्लेस देम ॲट अवर ओन कॉस्ट’ खोडून तेथे ‘डिडक्ट देअर प्राइस फ्रॉम अवर नेक्स्ट इन्व्हॉइस’ असे लिहिले होते, म्हणजे त्या पेट्यांची किंमत पुढच्या बिलातून वजा करू. स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होते, तेवढे मी घातले आणि पत्र त्याच दिवशी गेले.